पत्रिका जुळत नाही

आपल्या समाजाने आजवर जी सोयीची वाक्यं घडवली, त्यांत ‘पत्रिका जुळत नाही’ या वाक्याचा नंबर फार वरचा लागतो, असं माझं स्पष्ट मत आहे. माझा पत्रिकेवर काडीचा विश्वास नाही. मंगळ कुठल्या घरात बसला म्हणून कुणाच्या घरात भांडी आपटतात असं मला वाटत नाही. पण नकार देणाऱ्याला कारण सांगावं लागू नये आणि नकार घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये, यासाठी थेट आकाशातले ग्रह कामाला लावायचे, ही युक्ती ज्या कुणाला सुचली त्याला माझा दंडवत. मुलाचे दात पुढे असोत, नाहीतर मुलीचं मन शेजारच्या वाड्यात गुंतलेलं असो, निरोप एकच जायचा : ‘स्थळ उत्तम आहे हो, पण एकनाड येते.’ दोन्ही घरं पुढच्या संक्रांतीला एकमेकांना तिळगूळ द्यायला मोकळी!

त्या काळी चौकशीसुद्धा किती बेताने व्हायची पाहा. मध्यस्थ यायचा, चहा घ्यायचा, पावसावर बोलायचा आणि जाता जाता चपलेत पाय घालताना विचारायचा, ‘काय, यंदा मुलीचं बघताय का?’ एवढंच. ‘बोलणी चाललीयत एका ठिकाणी’ असं उत्तर आलं की समजायचं, गाडी भरली. ‘अजून शिकतेय’ म्हणाले की समजायचं, गाडी आहे पण आपल्यासाठी थांबणार नाही. ‘का हो? कुणी आहे का डोळ्यांसमोर?’ असं आलं की मध्यस्थ पुन्हा चपला काढायचा. त्या व्यवस्थेत वाईट गोष्टी भरपूर होत्या. जात होती, हुंडा होता आणि जिचं लग्न तिला विचारायचं सोडून बाकी सगळ्या आळीला विचारलं जायचं. ते गेलं तर बरंच झालं. पण जाताना त्याच्याबरोबर तो मध्यस्थही गेला, आणि आता प्रत्येक पोराला हातात मोबाईल घेऊन आपलं आपणच मध्यस्थ व्हावं लागतं.

प्रश्न मात्र तोच आहे. जी मनात भरली ती मोकळी आहे की तिचं कुठे जमलंय? हल्लीच्या भाषेत, ‘सिंगल’ आहे का? आणि हे एका हलक्याफुलक्या मेसेजमधून, तिला न दुखवता आणि आपलं हसं न करता कसं काढून घ्यायचं? या बाबतीत आजूबाजूला तीन पंथ दिसतात आणि माझं तिन्हींशी वैर आहे.

पहिला पंथ गुप्तहेरांचा. हे मेसेज पाठवतच नाहीत, तपास करतात. तिचा डीपी मोठा करून बघतात. खांद्यावर हात दिसतो, तो हात कुणाचा? मनगटावरच्या घड्याळावरून पुरुषाचा असावा असा निष्कर्ष निघतो. मग इन्स्टाग्रामवर तेच घड्याळ शोधण्याची मोहीम. तीन रात्री जागून असं कळतं की तो तिचा धाकटा भाऊ आहे. अहो, फोटो हा काही मालमत्तेचा सातबारा नव्हे! ज्यांचं जमलेलं असतं ते घरच्यांच्या भीतीने एकही फोटो टाकत नाहीत आणि ज्यांचं मोडलेलं असतं त्यांचे जुने फोटो तसेच लटकत राहतात. पुरावा दोन्हीकडून खोटा. शिवाय एवढं करून कळतं काय? फार तर ती एकटी आहे एवढं. तिला तुमच्याबरोबर चहा प्यायला आवडेल का, हे कुठल्याच घड्याळावर लिहिलेलं नसतं.

दुसरा पंथ गळ टाकणाऱ्यांचा. यांना वाटतं आपण फार चतुर. ‘एवढ्या उशिरापर्यंत जागी? बॉयफ्रेंड ओरडत नाही वाटतं?’ किंवा ‘तुझ्या त्याची मजा आहे बुवा, एवढा छान स्वयंपाक करतेस.’ म्हणजे नसलेला माणूस आहे असं धरून चालायचं आणि ती ‘छे, कुणी नाहीये’ म्हणाली की मनात नारळ फोडायचा. हे मेसेज पाठवणाऱ्याला हलके वाटतात, पण ते जिला मिळतात तिच्या आयुष्यात असा गळ येण्याची ती पंधरावी खेप असते. तिला आकडा दिसतो, दोरी दिसते आणि काठावर बसलेले तुम्हीही दिसता. मग ती करते काय? ‘हो ना, तो ओरडतोच’ असं लिहून मोकळी होते. तो असो वा नसो! कित्येक मुलींनी असा एक न जन्मलेला बॉयफ्रेंड केवळ अशा वेळांसाठी बाळगलेला असतो, जशी आपण रेल्वेत शेजाऱ्याला टाळायला झोप बाळगतो. म्हणजे गळ टाकणाऱ्याला मिळतं ते त्याच्या प्रश्नाचं उत्तर नसतं, त्याच्या गळाचं उत्तर असतं. खरी माहिती त्याला आयुष्यात कधी मिळायची नाही.

तिसरा पंथ रोखठोकांचा. ‘त्यात काय एवढं? सरळ विचारावं. तू सिंगल आहेस का?’ हा पंथ प्रामाणिक आहे, म्हणून त्याच्याशी मी जरा आदराने भांडतो. पण विचार करा. या प्रश्नात विचारणाऱ्याने स्वतःबद्दल काय सांगितलं? काहीही नाही. आपली पत्रिका खिशात झाकून दुसऱ्याची मागायची, असा हा व्यवहार आहे. ती ‘हो’ म्हणाली तर पुढे काय येणार हे तिला ठाऊक नाही, आणि ‘नाही’ म्हणाली तरी आपलं खाजगी आयुष्य तिने उघड केलंच. दोन-चार भेटी झाल्या, तिनेही आपणहून वेळ दिला, की हा प्रश्न सरळ विचारावाच. तेव्हा तो न विचारणं हाच भित्रेपणा. पण पहिल्याच मेसेजात तो विचारणं म्हणजे बसस्टॉपवर भेटलेल्या माणसाला पगार विचारण्यासारखं आहे.

मग माझं म्हणणं काय? माझं म्हणणं असं की चौकशी करूच नये, आमंत्रण द्यावं. आणि त्या आमंत्रणातच ‘पत्रिका जुळत नाही’ची सोय करून ठेवावी. मेसेज हलका असावा म्हणतात, तो पाठवणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्याला हलका वाटला पाहिजे. म्हणजे तो नाकारायला हलका हवा. विनोद घातला, डोळे मिचकावणारं चित्र घातलं म्हणून मेसेज हलका होत नाही. ज्याला ‘नाही’ म्हणायला दोन ओळी पुरतात आणि म्हटल्यावर पोटात खड्डा पडत नाही, तो मेसेज हलका.

हे नुसतं तत्त्वज्ञान वाटू नये म्हणून आमच्या भाच्याची गोष्ट सांगतो. निशांत त्याचं नाव. पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी एका ग्रुपबरोबर किल्ले चढतो. त्याच ग्रुपमध्ये गार्गी नावाची एक मुलगी. राजगडच्या चोर दरवाजाच्या वाटेवर तिने याला हात दिला, की याने तिला दिला, यावर अजून एकमत नाही. पण तेव्हापासून चिरंजिवांचं जेवण अर्ध्यावर आलं. एका संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाला, “मामा, तिला मेसेज टाकायचाय. तिचं कुणी आहे का ते तर कळायला हवं. पण वाईट दिसलं तर ग्रुपमध्ये तोंड दाखवायला जागा राहायची नाही.” इथे खरी मेख आहे. धोका एकट्या निशांतला नव्हता. मेसेज चुकला असता तर दर रविवारी अवघडून जायचं ते तिला, आणि बहुधा ग्रुप सोडायचा तोही तिनेच. एक धड नसलेला मेसेज एखाद्याचे सगळे किल्ले काढून घेऊ शकतो.

त्याचा पहिला मसुदा अकरा ओळींचा होता. त्यात सूर्योदय होता, सुवेळा माची होती आणि ‘आयुष्याच्या वाटेवर’ असे शब्द होते. मी म्हटलं, “अरे, हे वाचून ती सूर्योदयाला नकार कसा देणार?” दुसरा मसुदा कुणा मित्राने सुचवलेला : ‘एका मित्राचं ऐनवेळी रद्द झालं, एक जादा तिकीट आहे, येतेस का?’ हा जादा तिकिटाचा बनाव फार जुना आहे आणि मला त्याचा मनापासून राग आहे. एक तर तो खोटा. दुसरं म्हणजे त्यात ती कुणाच्या तरी रिकाम्या खुर्चीवर येते. आली तरी ती आमंत्रणावरून आली की तिकीट वाया जाऊ नये म्हणून, हे तिलाही कळत नाही आणि यालाही.

मग आम्ही दोघांनी बसून, चहाच्या दुसऱ्या कपाला, हा मजकूर तयार केला :

‘परवा गडावरून उतरताना तू ज्या नाटकाबद्दल बोलत होतीस त्याचा शनिवारी पाच वाजता यशवंतरावला प्रयोग आहे. मी दोन तिकिटं काढायच्या विचारात आहे. येतेस? आधीच कुणाबरोबर ठरलं असेल किंवा वेळ नसेल तरी काही हरकत नाही, मी एकटाही मजेत बघतो.’

आता यातलं एकेक वाक्य काय काम करतं ते पाहा. पहिलं वाक्य सांगतं की तू बोललेलं मी ऐकलं होतं. दिवस, वेळ, जागा ठरलेली, म्हणजे नकार त्या शनिवारला देता येतो, माणसाला द्यावा लागत नाही. हीच आपली एकनाड! दुसऱ्या वाक्यात ‘दोन’ हा आकडा आहे आणि तो फार मोलाचा आहे. निशांतने आधी ‘आपण जाऊ या का?’ असं लिहिलं होतं. पण मराठीतला ‘आपण’ म्हणजे एसटीची लाल गाडी, त्यात दोघेही बसतात आणि दोनशेही. तो वाचून पोरगी खुशाल चार मैत्रिणी घेऊन येते आणि मग याला सहा जणांचे बटाटेवडे घ्यावे लागतात. ‘दोन तिकिटं’ म्हटलं की संशयाला जागा नाही, आणि ‘काढायच्या विचारात’ म्हटलं की ती अजून काढलेली नाहीत, म्हणून ओझंही नाही. शेवटच्या वाक्यातला ‘कुणाबरोबर’ हा शब्द म्हणजे उघडं ठेवलेलं दार. तिचं कुणी असेल तर त्या दारातून तिला त्याला सहज आत आणता येतं, आणि नसेल तर त्या शब्दाकडे न बघता पुढे जाता येतं. आपण विचारलं काहीच नाही, आणि सांगण्यासारखं असेल तर सांगायची सोय मात्र केली.

मेसेज मंगळवारी संध्याकाळी सहाला गेला. रात्री पावणेबाराला गेलेल्या नाटकाच्या आमंत्रणात नाटक कमी आणि रात्र जास्त असते, म्हणून वेळ ती. आणि मेसेज ग्रुपवर नाही, तिला एकटीला. कारण चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणं दसपट जड.

उत्तर यायला बुधवारची दुपार उजाडली. मधल्या वेळात भाच्याने फोन किती वेळा पाहिला ते सांगत नाही. दोन निळ्या खुणा उमटल्या, मग उत्तर का नाही, यावर त्याने मला सहा तर्क ऐकवले. मी म्हटलं, बाबा रे, निळी खूण म्हणजे पत्र उघडलं गेलं, एवढाच तिचा अर्थ. पूर्वी पोस्टमन पत्र टाकून गेला की आपण त्याच्या मागे धावत ‘वाचताना चेहरा कसा होता?’ असं विचारत नव्हतो. शिवाय ज्यांनी ती खूणच बंद करून ठेवलेली असते त्यांच्याबाबतीत तर तेवढंही कळत नाही. पाठवलेला मेसेज खोडायचाही त्याचा विचार होता. तो मी हाणून पाडला. खोडला तरी ‘मेसेज खोडला’ अशी पाटी तिथे राहतेच, आणि कुठल्याही मेसेजपेक्षा ती पाटी जास्त बोलकी असते.

उत्तर आलं ते असं : ‘अरे वा, लक्षात ठेवलंस! शनिवारी नाही जमणार, अभय येतोय नाशिकहून. कसं होतं ते सांग हं.’

निशांतने फोन माझ्यापुढे धरला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, “मामा, अभय कोण? विचारू?” माझा सगळा लेख ज्यासाठी आहे ते हेच ठिकाण. विचारायचं नाही! एखादी बाई नातं न सांगता नुसतं नाव सांगते तेव्हा बहुधा तिने ते नाव तुमच्या हातात मुद्दाम ठेवलेलं असतं. ‘भाऊ’ असता तर ‘भाऊ येतोय’ म्हणायला एक अक्षर कमीच लागलं असतं. “पण मामा, समजा भाऊच असला तर?” असू दे की! भाऊ असता आणि तिला यायचं असतं तर ‘शनिवारी नाही, पण पुढचा प्रयोग कधी आहे?’ असं तिने लिहिलं असतं. दुसरा दिवस तिने सुचवला नाही. म्हणजे अभय कुणीही असो, निशांतला जे उत्तर हवं होतं ते आलं. तिचं कुणी आहे का, हा प्रश्न मुळात त्याचा नव्हताच. ती माझ्याबरोबर येईल का, हा त्याचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर अभयच्या कुळाचा शोध न घेता मिळालं.

अशी उत्तरं वाचायला फार विद्वत्ता लागत नाही. ‘नाही जमत’च्या मागे दुसरा वार आला तर आशा आहे. वार आला नाही तर नाही. ‘बघते’ म्हणजे नाही, पण तुमचं मन राखून. ‘आम्ही पाहिलंय ते नाटक’ यातला ‘आम्ही’ नीट वाचावा. आपल्या भाषेने ‘आपण’ आणि ‘आम्ही’ अशी दोन वेगळी घरं बांधून ठेवलीयत आणि ‘आम्ही’च्या घरात तुम्ही नसता. तो ‘आम्ही’ आई-वडिलांचाही असू शकतो, म्हणून एवढ्यावर तर्क करू नये. पुढे वार आहे का तेच बघावं. आणि उत्तरात ‘दादा’ हा शब्द आला तर फोन ठेवून द्यावा. पूर्वी कॉलेजात त्यासाठी राखी विकत आणावी लागे, आता दोन अक्षरांत काम होतं.

काहीच उत्तर आलं नाही तर? आठवड्याने दुसरा एखादा मेसेज, तोही ट्रेकच्या गाडीबद्दल, आणि त्यात नाटकाचा उल्लेख नाही. बस्स. ‘मिळाला का मेसेज?’ हे विचारणं म्हणजे ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणणाऱ्याच्या घरी दुसरा ज्योतिषी घेऊन जाणं. नको म्हटल्याचं स्पष्ट दिसत असूनही मुलीला पुन्हा पुन्हा गाठत राहणं, तिच्या इंटरनेटवरच्या हालचालींवर पाळत ठेवणं, हा २०१३पासून आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे. १ जुलै २०२४पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात बसतो. तेव्हा गुप्तहेर पंथाच्या मंडळींनी आपली दुर्बीण जरा जपून वापरावी. आणि जी आपल्या हाताखाली काम करते, जिची रजा आपल्या सहीने मंजूर होते, तिला कितीही गोड मेसेज पाठवला तरी तो हलका होऊ शकत नाही. तिथे नकाराची सोय आपण ठेवलेली नसते, आपल्या खुर्चीने ती काढून घेतलेली असते. तिथे मेसेजच नको.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं करून पोराला मिळालं काय? नकारच ना? हो, नकारच. मुलीने मुलाला पाठवला असता, मुलाने मुलाला पाठवला असता, तरी असा नकार येऊ शकतोच. मेसेज कितीही बेतला तरी दुसऱ्याचं मन काही आपल्याला बेतता येत नाही. ज्यांना बेतता येतं असं वाटतं तेच गळ टाकत बसतात. निशांतने उत्तर पाठवलं : ‘नक्की सांगतो!’ एवढंच. रडका चेहरा नाही, ‘लकी अभय’ नाही. शनिवारी दुसऱ्या तिकिटावर मी गेलो. नाटकाचा दुसरा अंक ढिला होता. रविवारी ट्रेकच्या गाडीत त्याने तसं तिला सांगितलं, तिने ते मान्य केलं नाही, आणि दोघं गुंजवण्यापर्यंत त्यावर भांडत गेली, असं कळलं. वर पोचल्यावर तिने नेहमीप्रमाणे डब्यातल्या दशम्या सगळ्यांना वाटल्या. निशांतच्या वाट्याला दोन आल्या, कारण तो नेहमीच दोन खातो.

गळ टाकला असता तर या दोन दशम्या मिळाल्या असत्या का, एवढंच मला त्या तिन्ही पंथांना विचारायचं आहे.